शून्य कुठे धरलं?

शिक्षणावरच्या शोधनिबंधांत एक वाक्य वारंवार भेटतं: ‘सुरुवातीला मागे असलेल्या विद्यार्थ्यांनी तुलनेने अधिक वेगाने प्रगती केली.’ वाचून बरं वाटतं. शिक्षकाला हुरूप येतो, प्रकल्पाला पैसे देणाऱ्याला समाधान मिळतं. वाक्याच्या पुराव्यादाखल खाली एक तक्ता असतो आणि त्यात सुरुवातीची पातळी आणि वाढीचा वेग यांच्यातला सहसंबंध दिलेला असतो, समजा –०.४९. वजा चिन्ह आहे, म्हणजे जो खाली होता तो वेगाने चढला. हिशोब सरळ दिसतो.

आता तेच विद्यार्थी, तेच गुण आणि तेच मॉडेल घ्या. फक्त काळ मोजायला सुरुवात पहिल्या चाचणीपासून न करता शेवटच्या चाचणीपासून करा. संगणक पुन्हा चालवला की –०.४९ च्या जागी +०.४१ येतो. कुणी लबाडी केलेली नसते आणि हिशोबही चुकलेला नसतो. दोन्ही आकडे बरोबर असतात. मग ‘मागची मुलं वेगाने पुढे गेली’ या वाक्याचं काय करायचं? हा प्रश्न सोडवायचा तर ग्रोथ कर्व्ह मॉडेल, म्हणजे वाढीच्या रेषेचं मॉडेल, नेमकं काय मोजतं ते आतून पाहावं लागतं.

हाताशी एक खरं उदाहरण घेऊ. ज्युडिथ सिंगर आणि जॉन विलेट या हार्वर्डच्या दोन प्राध्यापकांचं ‘अप्लाइड लाँजिट्यूडिनल डेटा अॅनॅलिसिस’ हे पुस्तक २००३ मध्ये आलं. एकाच व्यक्तीची पुन्हा पुन्हा मोजमापं घेऊन संशोधन करणारे बहुतेक जण कधी ना कधी त्याच्याकडे वळतात. त्याच्या सातव्या प्रकरणात ३५ व्यक्तींची माहिती आहे. प्रत्येकाने आठवड्यातून एकदा, असे सलग चार आठवडे, ठरावीक वेळेत विरुद्धार्थी शब्द सांगण्याची चाचणी दिली. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाची सर्वसाधारण आकलनक्षमताही एका वेगळ्या चाचणीने मोजली. एवढीच सामग्री आहे: ३५ माणसं, प्रत्येकाचे चार गुण आणि एक आकलनक्षमतेचा आकडा.

एका व्यक्तीचे चार गुण आलेखावर मांडले तर चार ठिपके मिळतात. त्यांच्यामधून जास्तीत जास्त जवळून जाणारी सरळ रेषा काढली की ती व्यक्ती दोन आकड्यांत सांगता येते. काळ शून्य असताना रेषा किती उंचीवर आहे, तो आकडा म्हणजे इंटरसेप्ट. दर आठवड्याला रेषा किती चढते, तो आकडा म्हणजे स्लोप. ३५ व्यक्तींच्या ३५ रेषा होतात. कुणाची वरून सुरू होते, कुणाची खालून. कुणाची तीव्र चढते, कुणाची जेमतेम. ठिपके रेषेवर तंतोतंत बसत नाहीत, थोडे वर-खाली राहतात. त्या दिवशी झोप झाली नसेल, एखादा शब्द ओठांवर येऊन अडला असेल. या वर-खालीला मॉडेल ‘उरलेली चूक’ म्हणतं.

ग्रोथ कर्व्ह मॉडेल या सगळ्या रेषा एकत्र पाहतं आणि दोन प्रकारची माहिती देतं. पहिली सरासरी रेषेची असते. सरासरी आकलनक्षमतेच्या व्यक्तीचा पहिल्या आठवड्यातला अंदाजित गुण १६४.४ आहे आणि दर आठवड्याची सरासरी वाढ २७.० गुणांची. दुसरी माहिती त्या सरासरीभोवती माणसं किती विखुरली आहेत याची असते. इंटरसेप्टचा व्हेरियन्स १२३६.४, स्लोपचा व्हेरियन्स १०७.३, त्या दोघांमधला सहप्रचरणाचा आकडा –१७८.२ आणि उरलेल्या चुकीचा व्हेरियन्स १५९.५. आकलनक्षमतेमुळे पडणारा फरक मॉडेलने आधीच बाजूला काढलेला आहे. त्यामुळे हे विखुरणं सारख्याच आकलनक्षमतेच्या माणसांमधलं आहे. निबंधात हे एक वाक्य लिहायचं राहून जातं आणि मग वाचक त्या आकड्यांना सगळ्या विखुरण्याचा हिशोब समजून बसतो.

शिक्षणक्षेत्रात हे तंत्र रुजवण्यात अँथनी ब्रायक आणि स्टीफन रॉडनबुश यांच्या १९८७ मधल्या निबंधाचा मोठा वाटा आहे. त्याच्या पाच वर्षं आधी, १९८२ मध्ये, नॅन लेअर्ड आणि जेम्स वेअर यांनी अशा मॉडेलची संख्याशास्त्रीय बाजू मांडली होती. तेव्हा यासाठी खास प्रोग्रॅम लागायचे. आता ‘आर’ या मोफत प्रणालीत एका ओळीत काम होतं:

```r
library(lme4)
m <- lmer(opp ~ time * ccog + (time | id),
          data = opposites)
VarCorr(m)
```

इथे `opp` म्हणजे चाचणीतले गुण, `time` म्हणजे ०, १, २, ३ असे आठवडे आणि `ccog` म्हणजे सरासरी वजा केलेली आकलनक्षमता. कंसातला `(time | id)` हा भाग सांगतो की प्रत्येक व्यक्तीला स्वतःचा इंटरसेप्ट आणि स्वतःचा स्लोप असू दे. ओळ लिहायला मिनिटभर लागतं. नंतर जे छापून येतं ते माणसांच्या भाषेत सांगताना मात्र अनेक निबंध अडखळतात.

सगळ्यात आधी अडखळायला होतं ते व्हेरियन्सपाशीच. ‘स्लोपचा व्हेरियन्स १०७.३ असून तो लक्षणीय आहे’ असं वाक्य लिहिलं जातं. त्यातून वाचकाला काय कळलं? काहीच नाही, कारण व्हेरियन्सचं एकक गुणांचा वर्ग भागिले आठवड्यांचा वर्ग असं असतं आणि त्या एककात कुणीच विचार करत नाही. वर्गमूळ काढलं की प्रमाण विचलन १०.४ मिळतं आणि ते आठवड्याला गुण या ओळखीच्या एककात असतं. सरासरी वेग २७ आणि त्याचं विखुरणं १०.४. वेगांची वाटणी घंटेच्या आकाराची आहे असं मॉडेल धरतं, म्हणून सरासरीच्या दोन्ही बाजूंना सुमारे दोन-दोन प्रमाण विचलनं घेतली की १०० पैकी ९५ जणांचे वेग त्यात मावतात. म्हणजे आठवड्याला साधारण ७ गुणांपासून ४७ गुणांपर्यंत. या एका वाक्यात खूप काही आहे. जवळपास प्रत्येक जण पुढेच गेला, मागे कुणी पडला नाही. पण सर्वांत वेगवान आणि सर्वांत संथ यांच्यात सहा-सात पटींचा फरक आहे. शिक्षकाला, धोरण आखणाऱ्याला आणि पालकाला हवी असते ती ही माहिती.

इथे एक गल्लत इतकी सर्रास होते की थोडं थांबायला हवं. तक्त्यात २७.० या सरासरी वेगाशेजारी प्रमाण त्रुटी दिलेली असते, ती सुमारे २.०. तिच्यावरून ९५ टक्क्यांचा विश्वास-अंतराल काढला तर २३ ते ३१ येतो. अनेकजण लिहितात, ‘विद्यार्थ्यांची वाढ आठवड्याला २३ ते ३१ गुणांची होती.’ हे चूक आहे. २३ ते ३१ हा पट्टा सरासरी रेषा कुठे असू शकते याबद्दल बोलतो आणि माणसं वाढवत नेली की तो अरुंद होत जातो. ३५ च्या जागी ३,५०० जण घेतले तर तो दोन्हीकडे अर्धा गुणसुद्धा राहणार नाही. ७ ते ४७ हा पट्टा माणसांबद्दल बोलतो. लाख माणसं घेतली तरी तो तेवढाच राहील, कारण माणसंच वेगवेगळी आहेत. पहिला पट्टा आपल्या अज्ञानाचा आहे, दुसरा माणसांमधल्या फरकाचा. निबंधात दोन्ही द्यावेत आणि कोणता कशाचा ते शब्दांत सांगावं.

दुसरी अडचण काळाच्या एककाची. समजा आठवड्यांऐवजी दिवस मोजले. रेषा त्याच, पण प्रत्येक स्लोपला सातने भाग जाईल आणि स्लोपच्या व्हेरियन्सला सातच्या वर्गाने, म्हणजे ४९ ने. १०७.३ चा २.२ होईल. शेजारी इंटरसेप्टचा व्हेरियन्स १२३६.४ तसाच उभा असतो. मग कुणीतरी उत्साहाने लिहितं की विद्यार्थ्यांमधला बहुतांश फरक सुरुवातीच्या पातळीत आहे आणि वाढीत तो नगण्य आहे. शाळेच्या अभ्यासात महिने आणि वर्षं यांच्यात हाच गोंधळ १४४ पटींनी होतो. इंटरसेप्टचा व्हेरियन्स आणि स्लोपचा व्हेरियन्स एकमेकांशेजारी ठेवून ‘कोणता मोठा’ असं विचारणंच चुकीचं आहे, कारण दोघांची एककं वेगळी आहेत. स्लोपचं विखुरणं मोठं की लहान हे सरासरी स्लोपशी ताडून ठरवावं, किंवा अभ्यास संपेपर्यंत त्या फरकाने किती गुणांची दरी पडते ते पाहून ठरवावं. आपल्या उदाहरणात वेगातला १०.४ चा फरक तीन आठवड्यांत ३१ गुणांचा होतो. सुरुवातीच्या पातळीचं प्रमाण विचलन ३५.२ आहे. म्हणजे वेगातला फरक मुळीच नगण्य नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे. इंटरसेप्ट म्हणजे काळ शून्य असतानाची उंची हे आपण पाहिलं. पण काळाचं शून्य निसर्गाने दिलेलं नाही, ते संशोधकाने ठेवलेलं आहे. पहिल्या आठवड्याला शून्य म्हटलं म्हणून इंटरसेप्टचा व्हेरियन्स म्हणजे पहिल्या आठवड्यात माणसं किती विखुरलेली होती तो आकडा झाला. चौथ्या आठवड्याला शून्य म्हटलं असतं तर तोच शब्द चौथ्या आठवड्यातल्या विखुरण्याबद्दल बोलला असता. सरासरी स्लोप आणि स्लोपचा व्हेरियन्स जागचे हलत नाहीत, कारण रेषा सरळ आहेत आणि त्यांची चढण कुठूनही मोजली तरी तीच. पण इंटरसेप्टचा व्हेरियन्स आणि त्याचं स्लोपशी असलेलं नातं, दोन्ही शून्यासोबत सरकतात.

किती सरकतात ते कागद-पेन्सिलीने काढता येतं. शून्य मूळ जागेपासून c आठवडे पुढे नेलं तर नवे आकडे असे:

```
नवा इंटरसेप्ट व्हेरियन्स = 1236.41 + 2c(-178.23) + c²(107.25)
नवं सहप्रचरण            = -178.23 + c(107.25)
```

c च्या जागी ३ घाला, म्हणजे शून्य चौथ्या चाचणीवर न्या. व्हेरियन्स ११३२.३ होतो आणि त्याचं वर्गमूळ ३३.६. सहप्रचरण –१७८.२ वरून +१४३.५ होतं. त्याला ३३.६ आणि १०.४ या दोन प्रमाण विचलनांच्या गुणाकाराने भागलं की सहसंबंध येतो +०.४१. हाच तो सुरुवातीला सांगितलेला आकडा. मध्ये कुठेतरी शून्य सहसंबंधही असणारच, आणि तो c = १.६६ ला सापडतो, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या चाचणीच्या मधोमध, किंचित तिसरीकडे झुकून. तिथे शून्य धरलं असतं तर निबंधात ‘पातळी आणि वेग यांचा काहीही संबंध आढळला नाही’ असं छापून आलं असतं.

मग खरं काय? आलेखावर ३५ रेषा डोळ्यांसमोर आणा. डावीकडे, पहिल्या आठवड्यात, त्या पसरलेल्या आहेत. खालून निघालेल्या रेषा सरासरीने जास्त तिरक्या आहेत, म्हणून उजवीकडे जाताना रेषांचा जुडगा आवळत जातो. दीड-पावणेदोन आठवड्यांच्या आसपास तो सर्वांत अरुंद होतो आणि तिथे विखुरणं ३०.७ असतं. पण रेषा तिथे थांबत नाहीत. खालून वेगाने आलेल्या काहींनी वरच्यांना ओलांडलं आहे आणि त्या तशाच चढत राहतात. जुडगा पुन्हा पसरू लागतो आणि चौथ्या आठवड्यात ३३.६ वर पोहोचतो. आता जे वर आहेत ते बरेचसे वेगवान होते म्हणूनच वर आले आहेत, त्यामुळे इथून मागे पाहिलं की सहसंबंध धन दिसतो. दोन्ही सहसंबंध एकाच चित्राची दोन टोकं आहेत.

या चित्रावरून सुरुवातीचं ते वाक्य तपासू. पहिल्या आठवड्यात खाली असलेले सरासरीने वेगाने चढले, हे खरं आहे. पण हे वाक्य वाचून लोक जो अर्थ घेतात तो वेगळाच असतो. त्यांना वाटतं, दरी बुजली. पहिल्या आठवड्यात माणसांमधलं विखुरणं ३५.२ होतं, चौथ्या आठवड्यात ते ३३.६ आहे. दरी बुजली नाही, जेमतेम तितकीच राहिली, फक्त तिच्या दोन काठांवरची माणसं थोडी बदलली. पहिल्या आणि चौथ्या आठवड्यातल्या खऱ्या पातळ्यांचा सहसंबंध याच आकड्यांवरून काढता येतो आणि तो ०.५९ भरतो. म्हणजे क्रम बराचसा टिकला, पण बराचसा हललाही. –०.४९ या एकट्या आकड्यावरून यातलं काहीही कळलं नसतं.

डेव्हिड रोगोसा आणि जॉन विलेट यांनी १९८५ मध्येच ‘सायकोमेट्रिका’ या नियतकालिकात दाखवून दिलं होतं की पातळी आणि बदल यांचा सहसंबंध कोणत्या क्षणाची पातळी घेतली यावर ठरतो. १९८६ मध्ये कीथ स्टॅनोविच यांनी वाचनाच्या संदर्भात ‘मॅथ्यू इफेक्ट’ची मांडणी केली: ज्याला वाचता येतं तो अधिक वाचतो आणि आणखी पुढे जातो, ज्याला येत नाही तो आणखी मागे पडतो. त्यानंतर अनेकांनी पातळी आणि वेग यांच्या सहसंबंधाचं चिन्ह पाहून हा परिणाम ‘आहे’ की ‘नाही’ ते ठरवायला घेतलं. माझ्या मते तो मार्गच चुकीचा. दरी रुंदावते का हा प्रश्न असेल तर दरीच मोजावी, म्हणजे प्रत्येक चाचणीच्या वेळचं खरं विखुरणं काढून ते वाढतंय की घटतंय ते सांगावं. वरच्या सूत्रात c च्या जागी ०, १, २, ३ घातलं की झालं.

सरकत्या शून्याचा फटका आकलनक्षमतेसारख्या इतर घटकांनाही बसतो. या मॉडेलमध्ये आकलनक्षमतेचा एक गुण जास्त असेल तर वेग आठवड्याला ०.४३ ने जास्त असतो, पण पहिल्या आठवड्याच्या पातळीवर तिचा परिणाम –०.११, म्हणजे जवळपास काहीच नाही. ‘आकलनक्षमतेचा गुणांवर परिणाम आढळला नाही’ असं कुणी लिहील. शून्य चौथ्या आठवड्यावर न्या आणि तोच परिणाम १.१९ होतो. आकलनक्षमता सुरुवातीला फरक पाडत नाही, सरावातून शिकताना पाडते, हे शोधनिबंधाचं खरं फलित आहे. ते ‘मुख्य परिणाम’ नावाच्या ओळीत दडून बसतं.

शून्य नेमकं कुठे ठेवायचं, याला एकच उत्तर नाही. पहिलीतलं मूल जूनमध्ये शाळेत येतं तेव्हा मुलांमध्ये किती फरक असतो हा प्रश्न असेल तर शून्य जूनमध्ये. वर्ष संपताना ती कुठे पोहोचली हे महत्त्वाचं असेल तर शून्य एप्रिलमध्ये. फक्त वयाचे आकडे जसेच्या तसे घालू नयेत. आठ ते अकरा वर्षांच्या मुलांच्या अभ्यासात काळाच्या जागी नुसतं वय घातलं तर शून्य म्हणजे जन्माचा क्षण होतो आणि मॉडेल निमूटपणे सांगतं की जन्मतः मुलांच्या वाचनक्षमतेचा व्हेरियन्स अमुक होता. असा इंटरसेप्ट बहुधा अवाढव्य व्हेरियन्स आणि –०.९५ सारखा सहसंबंध घेऊन येतो. तक्त्यात असं काही दिसलं की आधी काळाचं कोडिंग तपासावं.

मोजमापं किती वेळा घेतली हेही निबंधात ठळक यावं, कारण स्लोपच्या व्हेरियन्सवर किती विश्वास टाकायचा ते त्यावर ठरतं. आपल्या उदाहरणात प्रत्येकाची रेषा स्वतंत्रपणे, फक्त त्याच्या चार ठिपक्यांवरून काढली असती तर मिळालेल्या वेगांमध्ये खऱ्या फरकासोबत चुकीमुळे आलेला फरकही मिसळला असता. चार आठवड्यांच्या मोजमापात हा चुकीचा वाटा १५९.५ भागिले ५, म्हणजे सुमारे ३२ भरतो. खरा फरक १०७. एकूण १३९ पैकी १०७, म्हणजे ७७ टक्के खरं. आता कल्पना करा की फक्त पहिल्या दोन आठवड्यांत चाचणी घेतली, आधी एक आणि नंतर एक, जशी आपल्याकडच्या बहुतेक प्रकल्पांत घेतात. माणसं तीच, त्यांचा खरा फरक तोच १०७. पण चुकीचा वाटा १५९.५ च्या दुप्पट, ३१९ होतो. आता खऱ्याचा हिस्सा फक्त २५ टक्के उरतो. त्यातही दोनच मोजमापं असतील तर खरं आणि चूक वेगळं करण्याची सोय मॉडेलकडे राहतच नाही, कारण दोन ठिपक्यांमधून जाणारी रेषा नेहमीच तंतोतंत बसते. आधी-नंतर अशा दोन चाचण्यांवरून कुठलं मूल वेगाने शिकलं याच्या याद्या बनवणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करून पाहावा.

याच संदर्भात ‘असर’बद्दल थोडं. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणाऱ्या या ग्रामीण पाहणीतून तिसरीतल्या किंवा पाचवीतल्या मुलांना वाचता येतं का, वजाबाकी जमते का हे कळतं आणि पाहण्या एकापुढे एक ठेवून तुलनाही करता येते. पण दर वेळी तीच मुलं नसतात. म्हणून कोणत्याही एका मुलाची रेषा त्यातून काढता येत नाही आणि स्लोपचा व्हेरियन्स तर नाहीच नाही. त्यासाठी ‘यंग लाइव्ह्ज’सारखा अभ्यास लागतो. तो २००२ पासून तत्कालीन आंध्र प्रदेशातल्या त्याच मुलांकडे पुन्हा पुन्हा गेला.

मॉडेल बिघडलं की खुणा बहुधा समोरच असतात. `boundary (singular) fit: see help('isSingular')` असा संदेश आला, किंवा सहसंबंध बरोब्बर १ किंवा –१ छापून आला, की समजावं या माहितीतून एवढं सगळं काढता येत नाही. माणसं कमी आहेत, मोजमापं कमी आहेत किंवा वेगांत खरोखरच फरक नाही. तो –१ ‘अतिशय प्रबळ ऋण संबंध’ म्हणून छापलेला मी वाचला आहे. असं झालं की सहसंबंध किंवा स्लोपचं विखुरणं काढून साधं मॉडेल बसवावं आणि तसं केल्याचं लिहावं.

दुसरा बिघाड अधिक छुपा आहे, कारण संगणक त्याबद्दल काहीच बोलत नाही. चाचणी सोपी असेल तर हुशार मुलं दुसऱ्याच फेरीत जवळजवळ पूर्ण गुणांना टेकतात. त्यांना वाढायला जागाच नसते, त्यांची रेषा सपाट होते. खालच्यांना जागा असते, त्यांची चढते. सहसंबंध ऋण येतो आणि पुन्हा तेच गोड वाक्य लिहिलं जातं. ओळखायचा उपाय सोपा आहे: शेवटच्या चाचणीतल्या गुणांचा स्तंभालेख काढावा. उजव्या टोकाला मुलांची गर्दी दिसली तर तो ऋण सहसंबंध मुलांचा नाही, प्रश्नपत्रिकेचा आहे. अशा वेळी कोणतंही मॉडेल मदतीला येत नाही, पुढच्या वेळी कठीण प्रश्न घालावे लागतात.

विरुद्धार्थी शब्दांच्या अभ्यासाचे निष्कर्ष मी लिहिले असते तर साधारण असे लिहिले असते:

‘पहिल्या चाचणीचा आठवडा शून्य धरून सरळ रेषेचं मॉडेल बसवलं. ३५ व्यक्ती, प्रत्येकी चार मोजमापं. सरासरी आकलनक्षमतेच्या व्यक्तीचा पहिल्या आठवड्यातला अंदाजित गुण १६४.४ आणि आठवड्याची सरासरी वाढ २७.० (प्रमाण त्रुटी २.०). सारख्याच आकलनक्षमतेच्या व्यक्तींमध्येही पहिल्या आठवड्यातल्या पातळीचं प्रमाण विचलन ३५.२ आणि वेगाचं १०.४ होतं. म्हणजे १०० पैकी सुमारे ९५ जणांचा वेग आठवड्याला ७ ते ४७ गुणांच्या दरम्यान असावा. पातळी आणि वेग यांचा सहसंबंध पहिल्या आठवड्याच्या पातळीशी –०.४९ आणि चौथ्या आठवड्याच्या पातळीशी +०.४१ होता. चौथ्या आठवड्यात पातळीचं विखुरणं ३३.६ होतं. सुरुवातीला मागे असलेले सरासरीने वेगाने वाढले, तरी व्यक्तींमधलं अंतर फारसं कमी झालं नाही. आकलनक्षमता दहा गुणांनी जास्त असलेल्यांचा वेग आठवड्याला ४.३ गुणांनी जास्त होता.’

यात ‘लक्षणीय’ हा शब्द कुठेही नाही. विखुरण्याचे आकडे ३५ जणांवरून काढलेले आहेत, त्यामुळे ते बरेच सैल असणार. `confint(m)` ही आज्ञा त्यांचेही अंतराल देते आणि ते तक्त्यात यावेत.

अखेरीस प्रबंध लिहिणाऱ्यांना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना एक विनंती. तक्त्यात जागा वाचवण्यासाठी सहप्रचरणाची ओळ सर्वांत आधी गळते. ती गाळू नका, आणि तक्त्याखाली काळाचं एकक काय व शून्य कोणत्या चाचणीला धरलं ते एका ओळीत लिहा. इंटरसेप्टचा व्हेरियन्स, स्लोपचा व्हेरियन्स आणि सहप्रचरण हे तीन आकडे छापलेले असले की वाचक हवं तिथे शून्य नेऊन स्वतः पडताळा करू शकतो. त्यातला एक जरी गाळला तरी ते त्याला करता येत नाही.